मायक्रोवेव्हचे दार उजवीकडे झुकले आहे आणि आतली पट्टी तडकली आहे: नुसती सफाई करून वापर चालू ठेवावा का?

मृणालिनी_इंदिरानगर

नमस्कार. आमच्याकडे 28 लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे आणि तो साधारण आठ वर्षे रोज वापरात आहे. आतून तो बराच तेलकट झाला आहे, छताला भाजीच्या रश्श्याचे वाळलेले शिंतोडे आहेत आणि काचेच्या थाळीखालची चाकांची रिंग चिकटपणामुळे अडखळत फिरते. सफाई करायला घेतली तेव्हा दाराकडे नीट लक्ष गेले. दाराच्या आतल्या बाजूने जी काळी प्लॅस्टिकची चौकट असते, ती उजवीकडे खालच्या कोपऱ्यात बोटभर लांबीने तडकली आहे आणि त्या फटीत तेलाचा तपकिरी थर साचलेला दिसतो. दारही उजव्या बाजूला किंचित खाली उतरले आहे, त्यामुळे बंद करताना ते थोडे उचलून दाबावे लागते.

याशिवाय आणखी एक त्रास आहे. मध्यंतरी दार उघडताना आतून "टक" असा आवाज आला आणि मायक्रोवेव्ह पूर्ण बंद पडला. जवळच्या मेकॅनिकने फ्यूज बदलून दिला. काही आठवड्यांनी पुन्हा तेच झाले. आता त्यांचे म्हणणे असे आहे की दारात तीन स्विच असतात, त्यांपैकी तिसरा विनाकारण फ्यूज उडवतो, म्हणून तो काढून टाकू. आमच्या सासूबाईंना हे पटत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटत नाही. माझे प्रश्न दोन आहेत. तडकलेल्या पट्टीतला थर कसा काढावा, आणि स्विच काढून वापरणे योग्य आहे का?

सुनंदा_पंचवटी

मृणालिनीताई, सफाईचे मी सांगते, स्विचचे जाणकार सांगतील. काचेच्या खोलगट वाडग्यात एक कप पाणी घ्या, त्यात अर्ध्या लिंबाच्या फोडी टाका, आणि पाण्यात एक लाकडी चमचा अवश्य ठेवा, कारण गुळगुळीत काचेच्या भांड्यातले पाणी कधी कधी बुडबुडे न येताच उकळीच्या पुढे तापते आणि हात लावताच उसळते. पूर्ण शक्तीवर चार मिनिटे चालवा. त्यानंतर दार लगेच न उघडता दहा मिनिटे वाफ आत मुरू द्या. मग प्लग काढून, पिळलेल्या सुती फडक्याने आधी छत, नंतर भिंती आणि शेवटी तळ पुसा. वाळलेला रस्सासुद्धा घासल्याशिवाय निघतो. तारेची घासणी मात्र आत कुठेही लावू नका. थाळी आणि रिंग सिंकमध्ये साबणाने धुवा, चाकांच्या आसांभोवती केस आणि तेल गुंडाळलेले असते ते काडीने काढा, म्हणजे थाळी पुन्हा सुरळीत फिरेल.

सातपूरकर

मी बरीच वर्षे घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सुनंदाताईंची पद्धत निर्दोष आहे, पण मृणालिनीताई, आपल्या मायक्रोवेव्हसाठी त्यात एक बदल करावा लागेल. आपण तो सफाईपुरतासुद्धा चालू करू नये. लिंबाचे पाणी गॅसवर खळखळून उकळा, वाडगे आत ठेवा, दार बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्या. प्लग आधीच काढलेला असावा. वाफेचे काम वाफ करते, ती कुठे तयार झाली याला महत्त्व नाही.

आता दाराविषयी. पुष्कळांची समजूत असते की त्या काळ्या चौकटीत रबर असते आणि ते लहरी अडवते. तसे नसते. मायक्रोवेव्हच्या लहरींची लांबी सुमारे 12 सेंटीमीटर असते. दाराच्या चारही कडांना धातूतच एक खाच कोरलेली असते आणि तिचे माप त्या लांबीच्या चौथाईच्या, म्हणजे सुमारे 3 सेंटीमीटरच्या, हिशेबाने ठरवलेले असते. दार आणि पेटी यांच्यामधल्या फटीतून जी लहर बाहेर निघू पाहते, तिला ही खाच मागे परतवते. आम्ही तिला चोक म्हणतो. काळी प्लॅस्टिकची चौकट म्हणजे या चोकवरचे नुसते झाकण. लहरी प्लॅस्टिकमधून आरपार जातात, त्यामुळे झाकण तडकले म्हणून त्याच क्षणी गळती सुरू होते असे नाही. तरीही मी ते किरकोळ मानत नाही. झाकणाचे काम तेल आणि अन्नाचे कण खाचेत जाऊ न देणे हे आहे. ते आत साचले, तापून करपले की त्यांचा कोळसा होतो, आणि कोळसा लहरी शोषून आणखी तापतो. तिथे बारीक ठिणग्या उडू लागतात आणि झाकण वितळून भोक मोठे होत जाते. कन्व्हेक्शन मॉडेलमध्ये पेटी 200 अंशांच्या वर तापते, म्हणून हे प्लॅस्टिक काही वर्षांत ठिसूळ होऊन तडकणे मी अनेकदा पाहिले आहे.

फटीतला थर काढण्यासाठी आत पाणी किंवा फवारा सोडू नका. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून त्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके वरून फिरवा. झाकणाच्या खाली गेलेला थर बाहेरून निघणार नाही आणि सुरीच्या टोकाने खरवडल्यास तडा वाढेल. तो भाग सुटा करूनच साफ करावा लागतो किंवा झाकण बदलावे लागते. दार ज्या पत्र्याच्या चौकटीवर टेकते ती समोरची कडा मात्र आपण स्वतः रोज पुसावी. तिथे रश्श्याचा वाळलेला थर राहिला तर दार तेवढे वर उचलले जाते.

आपल्या दोन्ही प्रश्नांहून गंभीर गोष्ट दार झुकणे ही आहे, आणि फ्यूज उडण्याशी तिचा थेट संबंध असण्याची शक्यता मला मोठी वाटते. दाराच्या उजव्या कडेला हुकासारखे दोन आकडे असतात, ते पेटीतल्या खाचांत शिरून तीन स्विच ठरावीक क्रमाने दाबतात. दार उघडताना आधी पहिले दोन स्विच वीज तोडतात, आणि त्यानंतर तिसरा जोडला जातो. तिसऱ्याचे काम वेगळे आहे. पहिला स्विच चिकटून बसला आणि दार उघडूनही वीज चालूच राहिली, तर तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो, म्हणजे उघड्या दाराने मायक्रोवेव्ह चालू राहू शकत नाही. दार खाली झुकले की आकडेही खाली उतरतात आणि हा क्रम बिघडतो. पहिला सुटण्याआधी तिसरा जोडला जातो, "टक" आवाज येतो आणि फ्यूज जातो. आपले मेकॅनिक ज्याला त्रास म्हणत आहेत तो स्विच आपले काम चोख बजावत आहे. तो काढू देऊ नका.

आणखी एक सांगतो. अशा रीतीने फ्यूज उडतो तेव्हा शॉर्टचा मोठा प्रवाह पहिल्या आणि तिसऱ्या स्विचमधून जातो आणि त्यांचे संपर्कबिंदू भाजतात. म्हणून फ्यूजसोबत हे दोन्ही स्विच बदलायचे असतात. नुसता फ्यूज टाकला तर पुढच्या वेळी तिसरा स्विच काम करेलच याची खात्री राहत नाही. आपल्याकडे असे दोनदा झाले आहे, म्हणून वापर आजपासून थांबवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

नीलेश_गंगापूर_रोड

दाराचे सील खराब झाले असेल तर एवढी काळजी कशाला? आमच्या ओव्हनच्या दाराभोवतीची दोरीसारखी गॅस्केट सैल होऊन उष्णता बाहेर येत होती, केक वरून कच्चे राहत होते. मापाची गॅस्केट आणून चार हुकांत अडकवली, दहा मिनिटांचे काम. इथेही तसेच करता येईल.

सातपूरकर

नीलेशराव, आपण सांगत आहात तो ओटीजी असावा. त्यात विजेच्या सळया असतात आणि गॅस्केट फक्त उष्णता अडवते, त्यामुळे ती घरी बदलायला हरकत नाही. मायक्रोवेव्हच्या दारावर बाहेरून गॅस्केट चिकटवली तर दार आणि पेटी यांच्यातले अंतर उलट वाढेल. चोकची रचना एका ठरावीक फटीसाठी असते. फट वाढली की त्याची अडवण्याची क्षमता घटते. सिलिकॉन, एम-सील किंवा अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावून तडा बुजवण्याचे प्रयोगही याच कारणासाठी करू नयेत. चिकटपट्टी धातूची असल्याने तिच्या कडांवर ठिणग्या पडतात, तो धोका वेगळाच.

अभिजीत_सिडको

एक सोपी चाचणी सांगतो. मोबाइल मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा, दार बंद करायचे, अर्थात मायक्रोवेव्ह चालू करायचा नाही, आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करायचा. रिंग वाजली तर दारातून गळती आहे. आमच्याकडे रिंग वाजली. शिवाय दाराच्या वरच्या कडेने वाफ येते आणि मायक्रोवेव्ह चालू असताना वाय-फाय मंदावते. तिन्ही पुरावे जमले म्हणून मी तो बंद करून ठेवला आहे.

सातपूरकर

अभिजीतराव, संशय आल्यावर वापर थांबवला ते योग्यच केले, परंतु या तीन गोष्टींवरून निर्णय होत नाही. मोबाइल अतिशय क्षीण संकेतावरही चालतो. दाराने त्याचा संकेत दहा हजारपट कमी केला तरी टॉवर जवळ असेल तर रिंग वाजते, आणि ती अगदी ठणठणीत मायक्रोवेव्हमध्येही वाजू शकते. वाय-फायचे तसेच आहे. मायक्रोवेव्ह आणि वाय-फाय दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यामुळे मर्यादेच्या खूप खालची किरकोळ गळतीसुद्धा वाय-फायला जाणवते. वाफेचे म्हणाल तर चोक हवाबंद नसतो आणि हवा खेळती राहावी म्हणून पेटीला छिद्रेही असतात. वाफ बाहेर आली याचा अर्थ लहरी बाहेर आल्या असा नाही, आणि वाफ आली नाही म्हणून लहरीही आल्या नाहीत असेही नाही. मात्र पूर्वी वाफ येत नसताना आता फक्त एकाच कोपऱ्यातून येऊ लागली असेल, तर दार तिथे नीट टेकत नाही एवढे त्यावरून कळते. ते पाहण्यासारखे आहे.

खरे मोजमाप गळतीमापकानेच होते. आत 275 मिलिलिटर पाणी ठेवून मायक्रोवेव्ह चालवतात आणि मापकाचे टोक दारापासून 5 सेंटीमीटर अंतरावर धरून संपूर्ण फटीवरून सावकाश फिरवतात. वापरातल्या मायक्रोवेव्हसाठी मर्यादा त्या अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला 5 मिलिवॅट अशी आहे. नव्या, सुस्थितीतल्या मायक्रोवेव्हमध्ये आकडा साधारणपणे याहून बराच कमी येतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त मापक अंदाजापुरते ठीक आहेत. त्याने मोठा आकडा दाखवला तर गांभीर्याने घ्यावा, लहान दाखवला म्हणून निर्धास्त होऊ नये.

मृणालिनी_इंदिरानगर

सातपूरकर काका, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. प्लग काढून ठेवला आहे. सासूबाई विचारत आहेत की इतके दिवस याच मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या अन्नात काही उतरले असेल का, आणि ओट्यापाशी उभे राहिल्याने काही अपाय झाला असेल का. दार किती झुकले आहे हे घरच्या घरी कसे पाहावे, हेही सांगावे.

सातपूरकर

अन्नात काही उतरत नाही. या लहरी पाण्याच्या रेणूंना हलवून तापवतात आणि त्या निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन बंद होताच संपतात. क्ष-किरणांसारख्या त्या नाहीत. त्यांचा अपाय जो होतो तो उष्णतेचा, आणि डोळ्याच्या भिंगासारख्या भागाला रक्तपुरवठा नसल्याने तिथली उष्णता लवकर निघून जात नाही, म्हणून दाराच्या काचेला चेहरा लावून आत पाहत राहू नये. गळती असलीच तरी अंतर वाढले की ती झपाट्याने कमी होते. हातभर लांब उभे राहून स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीविषयी मला चिंता वाटत नाही. सासूबाईंना तसे जरूर सांगा.

दार पाहण्यासाठी प्लग काढलेला असू द्या. दार बंद करून समोर बसा आणि दार व उजवीकडचे बटणांचे पॅनेल यांमधली फट वर आणि खाली पाहा. दार सरळ असेल तर ती सारखी दिसते. आपल्या वर्णनावरून ती वर निमुळती आणि खाली रुंद असावी. मग दार अर्धे उघडून मोकळ्या कडेला हात लावून हलकेच वर-खाली करा. बिजागरी घट्ट असेल तर दार जवळजवळ हलत नाही. दोन-तीन मिलिमीटर हलले, तर खिळ झिजली आहे, स्क्रू सैल झाले आहेत किंवा बिजागरीचा पत्रा वाकला आहे. शेवटी दार बंद करताना आकडे आपोआप खाचेत जातात की खालच्या कडेवर घासून जातात ते पाहा. घासल्याच्या खुणा, पांढरी झालेली टोके किंवा चीर दिसली तर आकडे बदलण्याची वेळ आली आहे. हँडलला ओला नॅपकिन टांगणे आणि उघड्या दारावर हात टेकून आतली भांडी काढणे या दोन सवयींनी बिजागऱ्या सर्वांत जास्त खराब होतात.

स्क्रू सैल दिसले तरी बाहेरचे कव्हर उघडून ते आवळायला जाऊ नका. आतल्या कपॅसिटरवर काही हजार व्होल्टपर्यंतचा भार असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो राहू शकतो. घरी कव्हर उघडणाऱ्यांसाठी या उपकरणातला सर्वांत मोठा धोका लहरींचा नसून या कपॅसिटरचा आहे.

वैशाली_नाशिकरोड

विषय निघालाच आहे तर माझेही विचारते. आमचे दार उत्तम आहे, पण आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक चौकोनी तुकडा आहे, तिथे ठिणग्या उडतात. तो करपून काळा पडला आहे. तो काढून टाकून वापरले तर चालेल का? तळाला रंगाचे पोपडेही निघाले आहेत आणि खाली थोडा गंज दिसतो.

सातपूरकर

वैशालीताई, तो पुठ्ठा नाही, अभ्रकाचा पत्रा आहे. त्याच्या मागच्या वाटेने लहरी आत येतात. तो नसेल तर तेलाची वाफ आणि अन्नाचे कण थेट त्या वाटेत जातात, तिथे करपतात आणि मॅग्नेट्रॉनचे टोक जळते. म्हणून काढून वापरू नये, बदलावा. अभ्रकाचा कोरा पत्रा सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. जुन्याच्या मापाने कात्रीने कापून घ्या, छिद्रे तशीच पाडा, कडांना धागे राहू देऊ नका. नवा बसवण्याआधी भिंतीवरचा काळा थर पुसून पूर्ण वाळू द्या. हे काम आतून होते, बाहेरचे कव्हर उघडावे लागत नाही. पुढे सफाई करताना हा पत्रा ओला करून घासू नका, त्याचे पापुद्रे सुटतात.

गंजाचे उत्तर तो किती खोल आहे यावर आहे. वरवरचा असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून मायक्रोवेव्हच्या आतल्या भागासाठी मिळणारा खास रंग लावता येतो. साधा ऑइलपेंट लावू नये. पण लाकडी काडीच्या टोकाने दाबल्यावर पत्रा खचला किंवा आरपार भोक दिसले, तर तो मायक्रोवेव्ह रंगवायचा नाही, टाकून द्यायचा. दार टेकते त्या चौकटीवर गंज असेल तरीही माझे उत्तर तेच.

देवळालीकर_मधुकर

सातपूरकरांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, पण मृणालिनीताईंचा मायक्रोवेव्ह टाकूनच द्यावा असा सूर कोणी लावू नये. मी कारखान्यात देखभाल विभागात काम केले आहे. वाकलेली बिजागरी सरळ करता येते, स्क्रूंचे आटे नव्याने पाडता येतात. दार पुन्हा समांतर बसले आणि मापकाने आकडा मर्यादेत आला, तर आणखी काही वर्षे तो चालेल. चांगले उपकरण भंगारात घालणे हाही अपव्ययच आहे.

सातपूरकर

मधुकरराव, मोजल्यावर आकडा मर्यादेत आला तर माझाही आक्षेप नाही, परंतु आपल्या वाक्यातला मोजण्याचा भाग बाजारात बहुधा होत नाही. पत्रा हातोडीने सरळ केला जातो, दार बंद होते, गिऱ्हाईक घरी जाते. एकदा वाकलेला पातळ पत्रा त्याच ठिकाणी पुन्हा वाकतो, हा माझा अनुभव आहे. नवी बिजागरी मिळत असेल तर बदलावी, मिळत नसेल तर थांबावे.

देवळालीकर_मधुकर

पत्र्याच्या जाडीवर अवलंबून आहे. मी सरळ केलेल्या बिजागऱ्या टिकल्या आहेत. येथे आपले एकमत होईल असे वाटत नाही, पण मापकाशिवाय वापरू नये हे मलाही मान्य आहे.

मृणालिनी_इंदिरानगर

ताजी माहिती देते. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचे तंत्रज्ञ घरी येऊन गेले. खालच्या बिजागरीचा पत्रा वाकला आहे आणि खालच्या आकड्याच्या मुळाशी चीर आहे. पहिल्या स्विचचे संपर्कबिंदू काळे पडले होते, तो दाबल्यावर एखाद्या वेळी चिकटून राहत होता, म्हणजे तिसऱ्या स्विचने फ्यूज उडवला तो याचसाठी. दार झुकल्यामुळे क्रम बिघडला की स्विचच आधी खराब झाला, हे त्यांनाही निश्चित सांगता आले नाही. तडकलेली चौकट सुटी मिळत नाही, पूर्ण दार घ्यावे लागेल. दार, बिजागरी, स्विच आणि मजुरी मिळून खर्च नव्या साध्या मायक्रोवेव्हच्या जवळ जातो. या मॉडेलचे दार शिल्लक आहे का ते चौकशी करून कळवणार आहेत. तोपर्यंत प्लगवर "वापरू नये" अशी चिठ्ठी बांधली आहे, म्हणजे कामाच्या मावशींकडून चुकून चालू होणार नाही. दार मिळाले नाही तर काय करावे? भंगारवाले रोज दारावरून जातात.

सातपूरकर

स्विचबद्दल माझा अंदाज अर्धाच जुळला, आकड्याला चीर असल्याने दोन्ही कारणे एकत्र असू शकतात. दार मिळाले आणि बसवले तर गळती मोजून आकडा बिलावर लिहून मागा.

नाही मिळाले तर भंगारवाल्याकडे किंवा घंटागाडीत देऊ नका. भंगारात असे उपकरण पुन्हा जोडजाड करून विकले जाण्याची शक्यता असते, किंवा तांब्यासाठी कोणीतरी ते कपॅसिटरसह उघड्या हातांनी फोडते. ई-कचरा व्यवस्थापनाचे 2022 चे नियम मायक्रोवेव्हलाही लागू आहेत आणि जुन्या उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेकडून अधिकृत संकलनाची चौकशी करा. देण्याआधी प्लग काढलेल्या अवस्थेत वायर मुळापासून कापा, म्हणजे ते कोणी सहज चालू करू शकणार नाही. काचेची थाळी आणि रिंग काढून ठेवायला हरकत नाही.

वैशाली_नाशिकरोड

अभ्रकाचा पत्रा बदलला, ठिणग्या थांबल्या. तळाच्या गंजावर लाकडी काडी दाबून पाहिली. एका ठिकाणी रंगाखालचा पत्रा किंचित खचल्यासारखा वाटतो, पण भोक दिसत नाही. टॉर्च लावून खालून पाहायचे तर तळाचे आवरण आड येते. अशा मधल्या स्थितीत काय करावे?

देवळालीकर_मधुकर

खचत असेल तर रंग लावून ते झाकू नका. तळाचे आवरण तंत्रज्ञाकडून उघडून खालून पत्रा पाहून घ्या आणि तोपर्यंत तापवण्याचे काम गॅसवर करा.